मखमलीची लव आणि कापडाचा हिशेब

प्रश्न : आराखड्यात मखमलीसाठी कापड अधिक का सांगतात?

उत्तर : शिवणीसह कमरेशी ३६, घेराशी ६० व उंचीला ८० सेंटिमीटर असे स्कर्टचे दोन सरळ कडांचे भाग उलटसुलट मांडल्यास ११२ सेंटिमीटर पन्ह्यावर ८० सेंटिमीटर कापडात बसतात, परंतु मखमलीची लव दोन्ही भागांवर एकाच दिशेने उतरली नाही, तर एक गडद व दुसरा फिकट दिसत असल्यामुळे, दोन्ही माथे एकाच बाजूस ठेवणे अपरिहार्य ठरते आणि शेजारी मांडणीस १२० सेंटिमीटर पन्हा लागतो. अशा वेळी एक भाग ५५ सेंटिमीटर खाली सरकवावा, म्हणजे १६० ऐवजी १३५ सेंटिमीटर कापड पुरते. कापडाची आडवी घडी घातल्यास खालच्या थराची लव उलटते. यास्तव घडीवर कापून तो थर फिरवावा.