वाचकांचे प्रश्न : बायबॅक, ट्रेझरी शेअर आणि भागधारकांचा निधी

प्रश्न : कंपनी दुसऱ्या कंपनीचे शेअर घेते तेव्हा ते ताळेबंदात गुंतवणूक म्हणून दिसतात. मग स्वतःचे शेअर परत विकत घेतले तर ते मालमत्तेच्या बाजूला का दिसत नाहीत? खर्च झालेला पैसा हिशेबात जातो कुठे?

उत्तर : शेअर म्हणजे कंपनीवरचा मालकाचा हक्क. कंपनीने स्वतःचाच शेअर घेतला की हक्क सांगणारा आणि ज्याच्यावर हक्क सांगायचा तो, हे दोघे एकच होतात. अशा शेअरवर लाभांश घ्यायचा तर तो स्वतःच स्वतःला द्यावा लागेल, आणि कंपनी बुडाली तर त्या शेअरच्या बदल्यात धनकोंना एक रुपयाही मिळणार नाही. म्हणून हिशेबशास्त्र त्याला मालमत्ता मानत नाही. बायबॅक ही खरेदी दिसत असली तरी हिशेबाच्या नजरेत ती काही मालकांना त्यांचा वाटा देऊन मोकळे करणे असते. बँकेतली रोकड कमी होते आणि तितकाच भागधारकांचा निधी कमी होतो. नफा-तोटा पत्रकाला या व्यवहाराचा स्पर्शही होत नाही. भाव महाग पडला म्हणून तोटा नाही, स्वस्तात मिळाला म्हणून नफा नाही.

पुण्याच्या बजाज ऑटोने २०२४च्या सुरुवातीला केलेल्या बायबॅकमध्ये आकडे गोल असल्याने हे नीट दिसते. कंपनीने १० रुपये दर्शनी मूल्याचे ४० लाख शेअर प्रत्येकी १०,००० रुपयांना परत घेतले. एकूण रक्कम झाली ४,००० कोटी. घोषणेच्या वेळी बाजारभाव सात हजारांच्या आसपास होता.

या ४,००० कोटींपैकी भागभांडवलातून वजा होतात फक्त ४ कोटी, कारण भागभांडवल दर्शनी मूल्याने लिहिलेले असते. उरलेले ३,९९६ कोटी राखीव निधीतून जातात. त्यासाठी कोणता निधी वापरता येतो हे कंपनी कायदा २०१३चे कलम ६८ सांगते : मुक्त राखीव निधी, शेअर अधिमूल्य खाते, किंवा वेगळ्या प्रकारचे शेअर वा रोखे काढून उभारलेली रक्कम. मालमत्तेचे पुनर्मूल्यांकन करून कागदावर वाढलेली रक्कम यात बसत नाही.

यानंतर कलम ६९नुसार आणखी एक नोंद होते. राखीव निधीतून किंवा अधिमूल्यातून बायबॅक केला असेल, तर रद्द झालेल्या शेअरच्या दर्शनी मूल्याइतकी रक्कम, म्हणजे इथे ४ कोटी, कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्ह या वेगळ्या खात्यात टाकावी लागते. ती लाभांश म्हणून वाटता येत नाही. पूर्ण भरणा झालेले बोनस शेअर देण्यासाठी वापरता येते. एकूण निधी या नोंदीने बदलत नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. भांडवल घटले तरी धनकोंची ढाल तेवढीच राहावी, हा हेतू. पण ४,००० कोटी बाहेर गेल्यावर ४ कोटींना कुलूप लावणे ही आता बव्हंशी परंपरा आहे. दर्शनी मूल्य आणि बाजारभाव जवळजवळ असत त्या काळात तिला अर्थ होता.

धनकोंचे खरे संरक्षण कलम ६८मधल्या मर्यादा करतात. बायबॅकची रक्कम भरणा झालेले भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या बेरजेच्या २५ टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. १० टक्क्यांपर्यंत संचालक मंडळाचा ठराव पुरतो, पुढे भागधारकांचा विशेष ठराव लागतो. बायबॅकनंतरचे कर्ज हे भांडवल व मुक्त राखीव निधीच्या दुपटीहून अधिक असता कामा नये. वर्षभरात कंपनी देणी फेडू शकेल, असे संचालकांना प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागते.

बजाजच्या उदाहरणात आणखी एक रक्कम निधीतून गेली. त्या वेळच्या नियमानुसार बायबॅकवरचा कर कंपनीच भरत असे आणि अधिभारासह तो सुमारे २३.३ टक्के होता, म्हणजे साधारण ९३० कोटी. मालकांना पैसे परत देताना लागलेला हा करही नफा-तोटा पत्रकात न जाता थेट भागधारकांच्या निधीतून वजा होतो. म्हणजे निधी ४,००० नव्हे, तर सुमारे ४,९३० कोटींनी आटला. १ ऑक्टोबर २०२४पासून हा कर कंपनीवरून उठला, त्यामुळे त्यानंतरच्या बायबॅकच्या ताळेबंदात ही ओळ शोधू नये.

प्रश्न : बायबॅक झाला की शेअरची संख्या घटते, म्हणून प्रति शेअर मिळकत आपोआप वाढते, असे सांगितले जाते. हे नेहमी खरे असते का?

उत्तर : नसते. संख्या घटते हे खरे, पण दिलेली रोकडही काही कमावत होती, हे या युक्तिवादात गाळले जाते.

वरचेच उदाहरण गोल आकड्यांत घ्यावे. बायबॅकपूर्वी सुमारे २८.३ कोटी शेअर होते, नंतर २७.९ कोटी उरले. वर्षाचा नफा ७,५०० कोटी धरला तर आधीची प्रति शेअर मिळकत २६५ रुपये. नफा तसाच राहिला असता तर ती सुमारे २६९ झाली असती. आता गेलेले ४,९३० कोटी रोख्यांत किंवा म्युच्युअल फंडांत ७ टक्क्यांनी गुंतवलेले होते असे मानू. त्यावरचे उत्पन्न ३४५ कोटी, कर जाऊन सुमारे २५८ कोटी. ते बंद झाल्यावर नफा ७,२४२ कोटींवर येतो आणि प्रति शेअर मिळकत २६० रुपयांच्या जवळ. म्हणजे वाढण्याऐवजी घटली. ७ टक्के हा दर हिशेबापुरता गृहीत धरलेला आहे, पण दिशा तीच राहते. १०,००० रुपये देऊन २६५ रुपये मिळकतीचा शेअर घेणे म्हणजे पैशावर २.६५ टक्के परतावा घेणे. गुंतवणुकीवर करोत्तर ५ टक्क्यांच्या वर मिळत असताना तो पैसा अडीच-पावणेतीन टक्क्यांत लावला, तर उरलेल्यांची मिळकत वाढणार कशी? शेअर स्वस्त असेल, म्हणजे मिळकतीच्या दहा-बारा पट भावाला घेतला असेल, तर उलट घडते आणि मिळकत खरोखर वाढते. कर्ज काढून केलेल्या बायबॅकलाही हाच निकष, फक्त बुडालेल्या व्याजाऐवजी द्यायचे व्याज मोजायचे.

पुस्तकी मूल्याचा हिशेबही भावावरच ठरतो. आधीचा निधी २५,००० कोटी धरला तर प्रति शेअर पुस्तकी मूल्य ८८३ रुपये येते. बायबॅक आणि कर वजा जाता २०,०७० कोटी उरतात, आणि २७.९ कोटींनी भागल्यावर ७१९ रुपये. पुस्तकी मूल्याहून चढ्या भावाने घेतलेला प्रत्येक शेअर उरलेल्यांचे पुस्तकी मूल्य खाली ओढतो.

याच आकड्यांत निधीवरचा परतावा मात्र ३० टक्क्यांवरून ३६वर जातो. नफा कमी झाला, प्रति शेअर मिळकत कमी झाली, पुस्तकी मूल्यही कमी झाले. तरी परताव्याचे गुणोत्तर झळकू लागले, केवळ भाजक आटल्यामुळे. व्यवस्थापनाचा मोबदला या गुणोत्तराशी बांधलेला असेल तर भागधारकाने सावध असावे. कंपनीकडे पडून असलेली, धंद्यात न लागणारी रोकड मालकांना परत देणे हे योग्यच. प्रश्न फक्त कोणत्या भावाने, हा असतो. बाजारभावाहून बरीच वर किंमत दिली, तर शेअर देणाऱ्याचा फायदा हा मागे राहणाऱ्याच्या पदरातून येतो.

प्रश्न : परदेशी कंपन्यांच्या ताळेबंदात ट्रेझरी शेअर दिसतात, भारतीय कंपन्यांच्या सहसा दिसत नाहीत. असे का?

उत्तर : परत घेतलेल्या शेअरचे दोन शेवट संभवतात : कायमचे रद्द करणे, किंवा पुढे पुन्हा देता यावेत म्हणून कंपनीने स्वतःजवळ ठेवणे. दुसऱ्या प्रकाराला ट्रेझरी शेअर म्हणतात. भारतात बायबॅकसाठी तो रस्ता बंद आहे. बायबॅक संपल्यापासून सात दिवसांत शेअर नष्ट करावे लागतात, आणि त्यानंतर सहा महिने त्याच प्रकारचे नवे शेअर काढता येत नाहीत. बोनस, कर्मचाऱ्यांच्या योजना, रूपांतर यांसारखे अपवाद आहेत. कंपनीने स्वतःच्या शेअरचा व्यापार मांडून भाव हलवू नये, ही त्यामागची भीती. १९९९च्या दुरुस्तीपर्यंत भारतात बायबॅकलाच परवानगी नव्हती.

ट्रेझरी शेअर ठेवले तरी ते मालमत्ता होत नाहीत. ज्या किमतीला घेतले ती रक्कम भागधारकांच्या निधीतून उणे चिन्हाने दाखवली जाते. त्यांना मत नाही, लाभांश नाही, आणि प्रति शेअर मिळकत काढताना ते मोजले जात नाहीत. ५०० रुपयांना घेतलेला शेअर पुढे ६५० रुपयांना दिला, तर भारतीय व आंतरराष्ट्रीय मानकांनुसार मधले १५० रुपये नफा न होता निधीतच, साधारणपणे अधिमूल्याकडे, जमा होतात.

वर्षानुवर्षे हे चालले की काय होते, हे अमेरिकेच्या मॅकडोनाल्ड्सवरून कळते. तिने काढलेले शेअर सुमारे १६६ कोटी, पण त्यातले निम्म्याहून अधिक तिच्याच ट्रेझरीत आहेत. ती उणे रक्कम इतकी फुगली की २०१६च्या अखेरीस भागधारकांचा निधी शून्याखाली गेला. कंपनी मात्र भरघोस नफ्यात आहे. तिथे पुस्तकी मूल्य किंवा निधीवरचा परतावा काढणे निरर्थक ठरते. कर्ज फेडण्याची ताकद व्याज आणि रोख प्रवाहावरूनच जोखावी लागते. भारतात २५ टक्क्यांची आणि दुप्पट कर्जाची मर्यादा असल्याने बायबॅकच्या जोरावर निधी असा उणे करता येत नाही.

तरीही काही भारतीय ताळेबंदांत ट्रेझरी शेअर हे शब्द भेटतात. ते बायबॅकचे नसतात. कर्मचाऱ्यांना शेअर देण्यासाठी कंपनी ट्रस्ट स्थापते आणि त्या ट्रस्टकडे कंपनीचे शेअर असतात. ट्रस्ट कंपनीच्या नियंत्रणात असेल तर एकत्रित हिशेबात ते शेअर कंपनीचेच मानून वजा करतात. इन्फोसिसच्या ताळेबंदात भागभांडवल असेच ट्रस्टचे शेअर वगळून दाखवलेले असते. त्यामुळे शेअर बाजाराकडे नोंदलेली संख्या आणि मिळकतीच्या टिपेत वापरलेली संख्या यांत फरक आढळला, तर पहिली चौकशी अशा ट्रस्टची करावी. वर्षाच्या मध्ये बायबॅक झाला असेल तर दुसरे कारण भारित सरासरी असते : मार्चमध्ये रद्द झालेले शेअर त्या आर्थिक वर्षाच्या सरासरीत जवळजवळ पूर्ण मोजले जातात, आणि संख्येतली घट पुढच्या वर्षीच्या मिळकतीत पुरती उतरते.