पेन्सिलीची तारीख आणि पेनची तारीख

प्रश्न : आमच्या मुलीचा जन्म १० मार्च २०२५चा. तिच्या लसीकरण कार्डाचा फोटो काढून मी मोबाइलवर पुढच्या डोसांचं वेळापत्रक केलं. त्यात पेंटाव्हॅलंटचा तिसरा डोस १९ जूनला होता असं येतं. म्हणजे महिनाभर उशीर झाला. उद्याच आरोग्य केंद्रात न्यावं का? मध्यंतरी आम्ही रत्नागिरीला होतो, दुसरा डोस तिथे झाला.
— एक आई, घाटकोपर (पूर्व)

उत्तर : उद्या नेऊ नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दुसऱ्या डोसाच्या चौकोनात दोन तारखा आहेत : पुसट '२२/५' आणि तिच्यावर ठळक '१०/७'. पुसट तारीख पेन्सिलीची आहे. पहिला डोस २४ एप्रिलला दिल्यावर सिस्टरने 'पुन्हा कधी यायचं' ते लिहून ठेवलं. २४ एप्रिलनंतर अठ्ठावीस दिवसांनी २२ मे येतो, तो हाच. प्रत्यक्ष डोस मिळाला १० जुलैला. तुम्ही पेन्सिलीची तारीख 'दिलेली' धरली आणि तिच्यापुढे अठ्ठावीस दिवस मोजले, म्हणून १९ जून आला.

पेंटा, पोलिओचे थेंब आणि रोटा यांच्या दोन डोसांत किमान चार आठवडे लागतात. शिवाय तिसऱ्या डोसासाठी बाळ चौदा आठवड्यांचं असावं लागतं. या दोन्ही अटींपैकी जी तारीख नंतरची, ती खरी. चौदा आठवडे १६ जूनलाच पूर्ण झाले, पण १० जुलैपासून अठ्ठावीस दिवस ७ ऑगस्टला भरतात. म्हणून तिसरा डोस ७ ऑगस्टला किंवा त्यानंतर लगेच. तिसऱ्या चौकोनात पेन्सिलीने '७/८' लिहिलेलं दिसतं, त्यामुळे ताळा जुळतो. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेले डोस तिथून पुढे चालू होतात.

तक्ता एक्सेलमध्ये करत असाल तर B2 मध्ये जन्मतारीख आणि C4 मध्ये दुसऱ्या डोसाची *पेनची* तारीख लिहा, मग :

```
=MAX(B2+98, C4+28)
```

इंजेक्शनवाटे देतात तो पोलिओ आणि न्यूमोकोकल (पीसीव्ही) यांचा हिशेब वेगळा आहे. त्यांच्या पहिल्या दोन डोसांत आठ आठवडे हवेत. पहिले डोस २४ एप्रिलला झाले, त्यामुळे हे अंतर कधीच भरलं आहे. दुसऱ्या डोसांचे चौकोन रिकामे दिसतात. ते ७ ऑगस्टच्या फेरीत होतील. त्याआधी घेता येतील का, हे सिस्टरला कार्ड दाखवून विचारा.

पुढची आठवण १० डिसेंबरची, नऊ महिने पूर्ण होताच : गोवर-रुबेलाचा पहिला, पीसीव्हीचा बूस्टर आणि पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस. त्यानंतर १० जुलै २०२६, म्हणजे सोळा महिने : गोवर-रुबेलाचा दुसरा, त्रिगुणीचा पहिला बूस्टर आणि पोलिओचे थेंब. त्रिगुणी बूस्टर पेंटाच्या तिसऱ्या डोसानंतर किमान सहा महिन्यांनी द्यायचा असतो. तिसरा ७ ऑगस्टला झाला तर ही अट फेब्रुवारीतच पूर्ण होते. पण तो लांबला, तर हीही तारीख पुन्हा तपासा. म्हणून सगळ्या तारखा एकदम कायमच्या नोंदवू नका. दर फेरीनंतर पेनची नवी तारीख भरा आणि पुढची काढा.

रिकामा चौकोन दिसला की आठवण लावायची, असंही नाही. जन्मतःच द्यायचा हिपॅटायटिस-बीचा डोस चोवीस तासांत आणि पोलिओचा शून्य डोस पंधरा दिवसांतच द्यायचा असतो. ती वेळ गेली की तो चौकोन 'बाकी' नसून 'बंद' समजायचा. बीसीजी मात्र वर्षाच्या आत देता येते, म्हणून तिचा रिकामा चौकोन 'बाकी'तच राहतो. तक्त्यात दिलेले, बाकी आणि बंद असे तीन रकाने ठेवा.

फोटो वाचताना आणखी एक घोटाळा होतो. हस्ताक्षरातला देवनागरी १ आणि ९ पुसट फोटोत सारखे दिसतात. तारीख जन्माच्या आधीची निघाली, दोन डोसांत अठ्ठावीस दिवसांपेक्षा कमी अंतर आलं किंवा एकाच फेरीतल्या लशींच्या तारखा जुळल्या नाहीत, तर वाचण्यात चूक आहे असं समजून मूळ कार्ड उजेडात बघा. मूळ कार्डावर पेन्सिल आणि शाई वेगळी ओळखू येते, फोटोत येतेच असं नाही.

मोबाइलवर आठवण एक आठवडा आधी आणि आदल्या दिवशी अशी दोनदा लावा. तुमच्या आरोग्य केंद्रात लसीकरणाचा वार ठरलेला असेल, तर निघालेल्या तारखेनंतरचा पहिला वार धरा, आधीचा नाही. आणि तुमचा तक्ता काहीही म्हणो, सोबत मूळ कार्ड न्या. डोस द्यायचा की नाही, हे त्यावरूनच ठरतं.