आमच्या डेअरीच्या पीएलसीला कोण कशाला हॅक करील?

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका खासगी डेअरीत मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. पाश्चरायझरवर पीएलसी आणि टच स्क्रीन आहे. स्क्रीनचा पासवर्ड तिन्ही शिफ्टना पाठ आहे. पॅनेलच्या दारावर मार्करने लिहिलेलाच आहे. मशीन पुरवणारे इंजिनिअर पुण्यात बसून राउटरवरून आत येतात, प्रोग्राम बघतात आणि बदलतातही. परवा ऑडिटरने यावर शेरा मारला. आमचे साहेब म्हणतात, दूध तापवणाऱ्या यंत्राला कोण हॅक करणार? खरंच कोण करील? आणि करायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : साहेबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. तुमच्या डेअरीचं नाव शोधून कुणी येईल, असं मलाही वाटत नाही. पण हल्लेखोर नाव शोधतच नाहीत, उघडं दार शोधतात.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात अलिक्विपा नावाचं छोटं शहर आहे. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी तिथल्या पाणीपुरवठा संस्थेच्या एका बूस्टर पंपिंग स्टेशनवरच्या कंट्रोलरची स्क्रीन अचानक बदलली. पंपाचे आकडे जाऊन तिथे धमकीचा मजकूर आला : तुम्हाला हॅक केलंय, इस्रायलमध्ये बनलेलं प्रत्येक उपकरण आमचं लक्ष्य आहे. कंट्रोलर युनिट्रॉनिक्स या इस्रायली कंपनीचा होता, एवढाच या शहराचा गुन्हा. अलार्म वाजला, कर्मचाऱ्यांनी तो कंट्रोलर बाजूला काढून पंप हाताने चालवायला घेतले आणि पाणी थांबलं नाही. त्याच सुमारास आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या एका लहान पाणी योजनेवरही असाच घाला पडला. तिथली सुमारे १८० घरं दोन दिवस पाण्याविना राहिली.

अमेरिकी यंत्रणांनी हल्ला करणारा गट इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्डशी जोडलेला असल्याचं जाहीर केलं. परदेशी सरकारचा हात म्हटल्यावर काहीतरी अफाट तंत्र असेल, असं वाटतं. तसं काही नव्हतं. हे कंट्रोलर थेट इंटरनेटवर होते, कंपनीने ठरवून दिलेल्या 20256 या पोर्टवर ऐकत होते आणि त्यांचा मूळ पासवर्ड 1111 होता. बहुधा तोच टाकून हल्लेखोर आत गेले, असा तपास यंत्रणांचा निष्कर्ष. इंटरनेटला उघडी असलेली उपकरणं शोधून त्यांची यादी देणारी शोधयंत्रंही आहेत. त्या यादीत डेअरी की पाण्याची टाकी, याने काही फरक पडत नाही.

म्हणून सुरुवात राउटरपासून करा, पासवर्डपासून नाही. याचं कारण जरा समजून घ्या. पीएलसीशी बोलण्याच्या जुन्या पद्धती, उदाहरणार्थ मॉडबस टीसीपी, अशा काळात तयार झाल्या की तारेच्या दुसऱ्या टोकाला आपलाच माणूस असणार हे गृहीत होतं. साध्या मॉडबसमध्ये पासवर्डची सोयच नाही. जो 502 पोर्टपर्यंत पोचला, तो तापमानाचा सेटपॉइंट वाचूही शकतो आणि लिहूही शकतो. तुमचा प्रोग्रामचा पासवर्ड बऱ्याचदा फक्त लॅडर उघडण्यापासून अडवतो, आकडे बदलण्यापासून नाही. तेव्हा तिथवर कुणी पोचूच नये, हा पहिला बंदोबस्त.

पुण्याच्या इंजिनिअरना एकच प्रश्न विचारा : राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग आहे की व्हीपीएन? स्थिर पब्लिक आयपीचं सिम घालून पोर्ट फॉरवर्ड केलं असेल, तर तुमचा पीएलसी आज जगाला उघडा आहे. तपासायचं असेल तर साहेबांची परवानगी घ्या, प्लांटच्या नेटवर्कऐवजी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडा आणि पॉवरशेलमध्ये हे टाइप करा. नमुन्याच्या आयपीऐवजी आपल्या राउटरचा आयपी आणि आपल्या पीएलसीचा पोर्ट घाला.

```
Test-NetConnection 203.0.113.10 -Port 502
```

शेवटच्या ओळीत `TcpTestSucceeded : True` आलं, तर बाहेरून दार उघडं आहे. `False` आलं तर तेवढं एक दार बंद आहे, इतकंच समजायचं.

पुरवठादाराला कायमचं तोडून टाका, असं मी सांगणार नाही. रात्री दोन वाजता प्लांट अडला की तोच उपयोगी पडतो. पण व्हीपीएनवरून येऊ द्या, प्रत्येक इंजिनिअरला त्याच्या स्वतःच्या नावाचं खातं आणि मोबाइलवरचा ओटीपी असू द्या. औद्योगिक वापराच्या बऱ्याच व्हीपीएन राउटरना एक डिजिटल इनपुट असतो. त्याला पॅनेलवर चावीचा स्विच जोडता येतो. इंजिनिअरने फोन करायचा, शिफ्ट इन्चार्जने चावी फिरवायची, काम झालं की परत फिरवायची. राउटरला ती सोय नसेल, तर त्याच्या वीजपुरवठ्यावर स्विच लावला तरी काम भागतं. स्काडाच्या कॉम्प्युटरवर एनीडेस्कसारखं काही असेल, तर कुणी समोर नसतानाही आत येऊ देणारा कायमचा पासवर्ड आजच काढून टाका.

आता पासवर्ड. कंपनीचा मूळ पासवर्ड बदला आणि दारावरचा मार्कर पुसा, हे ओघाने आलंच. पण ऑपरेटरला थांबवायच्या बटणासाठी किंवा अलार्म बघण्यासाठी पासवर्ड टाकायला लावू नका. घाबरलेला माणूस बारा अक्षरं बरोबर टाकत नाही. चालू-बंद करणं ऑपरेटरकडे, सेटपॉइंट सुपरवायझरकडे आणि प्रोग्राम मेंटेनन्सकडे, अशा तीन पातळ्या पुरतात. प्रोग्रामचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून प्लांट मॅनेजरच्या कपाटात ठेवा. तो हरवला तर अनेक पीएलसींवर मेमरी पूर्ण पुसणं एवढाच मार्ग उरतो.

इथून बॅकअपवर येऊ, कारण अलिक्विपाच्या प्रकरणाची नंतर बाहेर आलेली बाजू यातच आहे. या मोहिमेत काही ठिकाणी हल्लेखोरांनी मूळ लॅडर पुसून त्या जागी इनपुट-आउटपुट नसलेला आपला प्रोग्राम भरला, उपकरणाचं नाव बदललं आणि अपलोड-डाउनलोडही बंद करून ठेवलं. म्हणजे ‘प्रोग्राम पीएलसीतच आहे की, लागला तर काढून घेऊ’ हा आपल्याकडचा नेहमीचा भरवसा नेमका गरजेच्या वेळी कामाचा नाही. हॅकर नसला तरी तो कामाचा नसतोच. जुन्या पीएलसीची बॅटरी संपलेली असताना वीज गेली की प्रोग्राम उडतो. सीमेन्सच्या एस७-३०० सारख्या मालिकेतून प्रोग्राम वर काढला, तर त्यात टॅगची नावं आणि टिपा येत नाहीत. कोरडं लॅडर हाती लागतं आणि ते वाचताना दिवस जातो.

तेव्हा पुरवठादाराकडून टिपांसकट मूळ प्रोजेक्ट फाइल घ्या. पुढच्या खरेदी आदेशात तशी अटच घाला, नंतर मागितली की टाळाटाळ होते. सोबत टच स्क्रीनचा प्रोजेक्ट, ड्राइव्हचे पॅरामीटर, आयपींची यादी, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि पीएलसीच्या फर्मवेअरची आवृत्ती हवी. यात हमखास सुटतात ते चालू आकडे : पीआयडीचं ट्यूनिंग, सीआयपीच्या वेळा, सेटपॉइंट. हे पीएलसीच्या मेमरीत बसलेले असतात. कोऱ्या सीपीयूत प्रोग्राम घातला की ते शून्यावर किंवा पहिल्या दिवशीच्या किमतीवर येतात. स्क्रीनचे फोटो काढून ठेवले तरी चालतील, पण ठेवा. एक प्रत अशा हार्ड डिस्कवर असू द्या जी एरवी कशालाच जोडलेली नसते.

बॅकअप खरा आहे की नाही, याची परीक्षा एकच. त्याच मॉडेलचा सुटा सीपीयू टेबलावर घ्या, पुरवठादाराच्या नव्हे तर आपल्या लॅपटॉपवरून त्यात प्रोग्राम घाला आणि तो रनमध्ये येतो का बघा. फर्मवेअर जुळत नाही, लायसन्स संपलंय, केबल नाही, हे सगळं त्या दुपारी कळतं.

राहिली बदलांची नोंद. तुमच्याच प्लांटचं उदाहरण घेऊ. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद राहायला हवं. तापमान खाली आलं की फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह दूध मागे बॅलन्स टँककडे वळवतो. समजा, रात्री सेन्सरची वायर सैल झाली, आकडा नाचू लागला आणि व्हॉल्व्ह सारखा मागे फिरू लागला. बाहेरून जोडलेल्या इंजिनिअरने तपासणीसाठी व्हॉल्व्हचं आउटपुट फोर्स केलं, वायर घट्ट झाली, सगळे झोपायला गेले. फोर्स तसाच राहिला. आता स्क्रीनवर तापमान बरोबर दिसतं, प्रोग्राम बरोबर आहे, पण ते ६८ वर आलं तरी दूध पुढेच जाणार. माझ्या मते डेअरीला परदेशी हॅकरपेक्षा याचंच भय जास्त आहे.

यावर उपाय म्हणजे पॅनेलजवळ एक वही. तारीख, कुणी, काय बदललं, जुनी किंमत, नवी किंमत, कारण, परवानगी कुणाची, आणि तात्पुरता बदल असेल तर काढला कधी. बदलाच्या आधी एक आणि नंतर एक बॅकअप, फाइलच्या नावात तारीख. सेफ्टी किंवा दुधाच्या दर्जाशी जोडलेल्या इंटरलॉकला प्रॉडक्शन आणि क्वालिटी दोघांच्या सह्या हव्यात. मग महिन्यातून एकदा सॉफ्टवेअरमधली तुलनेची सोय वापरून पीएलसीतला प्रोग्राम आणि शेवटचा बॅकअप ताडून बघा, फोर्सची यादीही उघडा. फरक निघाला आणि वहीत सापडला, तर तो आपला. वहीत नसेल, तर आधी पुण्याला फोन लावा. त्यांनाही माहीत नसेल, तर राउटर बंद करा.

प्रश्न : आमच्या प्लांटला इंटरनेटच नाही. तरी हे सगळं लागतं का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : निम्मं लागतं. तुमच्याकडे इंटरनेट नाही, पण सर्व्हिस इंजिनिअरचा लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह येतोच, आणि तो आदल्या दिवशी दुसऱ्याच कारखान्यात होता. प्रोग्रामिंगसाठी प्लांटचा स्वतःचा लॅपटॉप ठेवा, त्यावर ईमेल नको. बॅकअप आणि वही तर हवीच.

एक गोष्ट आजच करता येईल. पीएलसीच्या तोंडावर चावी असेल, तर ती कुठे आहे बघा. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ट्रायकोनेक्स सेफ्टी कंट्रोलरमध्ये हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला. तो घुसू शकला, कारण चावी ‘प्रोग्राम’वर सोडलेली होती. तुमची चावी ‘रन’वर फिरवा आणि काढून कपाटात ठेवा.

आणि दोन्ही वाचकांसाठी : खरोखरच कुणी शिरल्याचं दिसलं, तर सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपनीने लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं. स्काडा आणि कारखान्यातल्या नियंत्रण यंत्रणांवरचे हल्ले त्या यादीत स्पष्ट लिहिलेले आहेत. पत्ता incident@cert-in.org.in हा आहे.