सूचनाफलकावरच्या बारा चुका

मराठी शुद्धलेखनाचं पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर तत्सम, उपान्त्य, सामान्यरूप असे शब्द भेटतात आणि आपल्यासारखी कॉन्व्हेंटमधून आलेली मंडळी ते पुस्तक तिथल्या तिथे मिटून टाकतात. म्हणून इथे उलट्या बाजूने जाऊ. आधी चुका, मग नियम. खालची सूचना कोणत्या एका हॉस्टेलची नाही, मी मुद्दाम तयार केली आहे. पण अशा सूचना तुम्ही पाहिल्या नाहीत असं म्हणू नका!

सुचना
वसतीगृहातील सर्व विद्यार्थ्याना कळवीण्यात येते की, परिक्षेच्या काळात १५ तारीखेपासुन उपहारगृह रात्री ९ वाजता बंद होइल. वेळ पाळण्याचे महत्व ध्यानात घ्यावे. त्यानंतर खोलीत शेगडी आढळल्यास त्या खोलीतील विद्यार्थ्याकडून १०० रुपये दंड घेतला जाईल.
अधिक्षक

पेन्सिल घ्या आणि चुकांखाली रेघा मारा. अकरा चुका नक्की आहेत. बारावी चूक आहे की नाही, हे खोलीत किती जण राहतात त्यावर अवलंबून आहे. ते कसं, ते पुढे येईलच.

सुरुवात सोप्यापासून. 'होइल' आणि 'पासुन' या दोन चुकांचं कारण एकच आहे. शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल, तर त्याच्या आधीचा इकार किंवा उकार दीर्घ लिहायचा. या शेवटून दुसऱ्या अक्षराला उपान्त्य म्हणतात, एवढंच. म्हणून होईल, पासून, गरीब, वकील, फूल. उलट शेवटचं अक्षर दीर्घ असेल, तर आधीचा इकार-उकार ऱ्हस्व : किडा, महिना, मेहुणा. 'कळविणे' मध्ये शेवटी 'णे' आहे, म्हणून 'वि' पहिली. त्याचं 'कळविण्यात' झालं तरी ती पहिलीच राहते.

आता 'तारीखेपासून'. 'तारीख' हा शब्द एकटा असताना 'री' दीर्घ, अगदी बरोबर. पण त्याला प्रत्यय लागला की शब्द लांबतो आणि मधल्या दीर्घ स्वरावरचा जोर जातो. फूल - फुलाला, गरीब - गरिबाला, जमीन - जमिनीवर. ज्या तीन अक्षरी शब्दांत पहिलं अक्षर दीर्घ असतं, तिथे तर मधला ईकार-ऊकार सहसा पूर्णच गळून 'अ' उरतो. लाकूड - लाकडाला, काळीज - काळजात, तारीख - तारखेला. हा नियम पाठ करायची गरजच नाही. 'तारीखेला' असं मोठ्याने म्हणून पाहा. मेसचे काका कधी असं म्हणतील का? जीभ जे करते तेच इथे लिहायचं असतं.

मात्र जीभ प्रत्येक वेळी उपयोगी पडत नाही, आणि खरी गोची इथेच आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, म्हणजे तत्सम शब्द, वरचे दोन्ही नियम पाळत नाहीत. ते आपलं मूळ रूप सोडत नाहीत. गुण, विष, मंदिर यांत शेवट अकारान्त असूनही आधीचं अक्षर ऱ्हस्व आहे. शरीर - शरीराला यात प्रत्यय लागूनही 'री' दीर्घच राहते. 'सूचना' तत्सम, म्हणून 'सू' दीर्घ. पण 'सुचणे' हे आपलं मराठी क्रियापद, त्यातला 'सु' ऱ्हस्व. ज्यांनी संस्कृत घेतलंच नाही, त्यांनी हे ओळखायचं कसं? सगळे शब्द ओळखण्याची एक युक्ती नाही, शब्दकोश पाहावाच लागतो. पण शब्द फोडून पाहिला की बरेचसे सुटतात.

उदाहरणार्थ 'परीक्षा' आणि 'अधीक्षक'. संस्कृतात 'ईक्ष्' म्हणजे पाहणे. परि + ईक्षा = परीक्षा, म्हणजे सगळ्या बाजूंनी पाहणे. अधि + ईक्षक = अधीक्षक, म्हणजे वरून देखरेख करणारा. (आपल्या रेक्टर सरांना हा अर्थ आवडावा.) दोन इकार एकत्र आले की दीर्घ ई होते. निरीक्षक, समीक्षा हेही त्याच घराण्यातले. पण 'शिक्षक' मध्ये हा 'ईक्ष्' नाही, तिथे धातूच 'शिक्ष्' आहे, म्हणून शि ऱ्हस्व. 'परिपत्रक' मध्येही पुढे 'ई' नसल्यामुळे 'परि' आहे तसाच.

'महत्त्व' याच पद्धतीने सुटतो. महत् + त्व. एक त् महत् चा, दुसरा त्व चा, म्हणून दोन्ही लिहायचे. तत् + त्व = तत्त्व. पण नेतृ + त्व मध्ये आधी त् नाही, म्हणून 'नेतृत्व' ला एकच त पुरतो. आणि उप + आहार = उपाहार, म्हणजे हलकं खाणं. 'उपहार' म्हणजे भेटवस्तू. 'उपहारगृह' अशी पाटी लावली तर तिथे भेटवस्तू मिळायला हव्यात, बिल नव्हे!

'वसतिगृह' हा शब्द आपल्या गेटवरचा, म्हणून त्याला जरा वेळ देऊ. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात : कवी, गती, शक्ती, वसती. (आणि, परंतु, तथापि असे थोडे अपवाद.) संस्कृतात मात्र हे शब्द ऱ्हस्व आहेत : कवि, गति, वसति. शब्द एकटा असेल तर मराठी पद्धत, समासात पहिला आला तर संस्कृत रूप. म्हणून 'वसती' पण 'वसतिगृह', 'शक्ती' पण 'शक्तिमान'. नदी, लक्ष्मी हे मुळातच दीर्घ, म्हणून नदीकाठ, लक्ष्मीपूजन. विद्यार्थी, मंत्री, पक्षी हे शब्द संस्कृतात 'इन्' ने संपतात, तेही समासात ऱ्हस्व होतात : विद्यार्थिगृह, पक्षिमित्र.

राहिला अनुस्वार. जुन्या पुस्तकांत नांव, कांही, पांच असे ठिपके दिसतात. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले (१९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले), तेव्हापासून न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पण एक ठिपका मुद्दाम ठेवला : नामाच्या अनेकवचनी सामान्यरूपावरचा. विद्यार्थ्याला म्हणजे एकाला, विद्यार्थ्यांना म्हणजे अनेकांना. आदरार्थीही तसंच : प्राचार्यांचे भाषण, अधीक्षकांची सही.

म्हणून 'सर्व विद्यार्थ्याना' ही सरळ चूक. पण 'विद्यार्थ्याकडून १०० रुपये दंड'? खोलीत एकच जण राहत असेल तर हे शुद्ध आहे. चौघे राहत असतील आणि दंड सगळ्यांनी भरायचा असेल, तर 'विद्यार्थ्यांकडून' हवं. त्या ठिपक्याशिवाय चौघांपैकी कोणीही म्हणेल, "सर, एकाचंच लिहिलंय!" आणि व्याकरण त्याच्या बाजूने असेल. ठिपका देऊनही प्रत्येकी १०० की सगळे मिळून १००, हे कळत नाहीच. तिथे 'प्रत्येकी' हा शब्दच घालावा लागतो.

आता तुमची पाळी. यातले पाच शब्द चुकीचे आहेत, एक बरोबर आहे :
गतीरोधक, प्रतिक्षा, नदीपात्र, बेरीजेत, नेतृत्त्व, पारंपारिक.

उत्तरे : गतिरोधक (समासात मूळ 'गति'). प्रतीक्षा (प्रति + ईक्षा). नदीपात्र बरोबर. बेरजेत (तारखेसारखंच). नेतृत्व (नेतृ + त्व). पारंपरिक (परंपरा + इक, 'इक' लागला की फक्त पहिला स्वर वाढतो, मधला 'प' तसाच राहतो).