एका खिळ्यावरचा आरसा

प्रश्न : हॉलमधला दोन बाय तीन फुटांचा आरसा सारखा तिरका होतो. परवा खिळ्यासकट खाली आला. आता मोठा खिळा ठोकू का?

उत्तर : नको. आधी वजन पाहा. पाच मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, म्हणजे तुमच्या आरशाची काच जवळपास सात किलो. लाकडी फ्रेम धरून नऊ समजा. खिळा बहुधा नुसत्या प्लॅस्टरमध्ये होता. भोकाभोवती पापुद्रा निघाला असेल तर नक्कीच.

नवे भोक जुन्यापासून चार बोटे दूर, ड्रिलने पाडा. विटेची भिंत असेल तर आधी करडी भुकटी येते, मग लाल. लाल आलीच नाही, तर तुम्ही दोन विटांमधल्या सांध्यात आहात, जागा बदला. आठ मिलिमीटरची प्लॅस्टिकची गिट्टी प्लॅस्टर ओलांडून पूर्ण विटेत बसली पाहिजे, आणि स्क्रूही तिच्या टोकापर्यंत जाईल इतका लांब हवा. भुकटी पांढरी, पिठासारखी आली तर भिंत हलक्या ब्लॉकची आहे. तिथे साधी गिट्टी फिरते. ब्लॉकसाठीची वेगळी गिट्टी मागा.

तिरकेपणाचे कारण एकच खिळा. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना कड्या लावून दोन स्क्रूंवर आरसा टांगा, मधली तार काढून टाका. ताणून बांधलेल्या तारेवर वजनापेक्षा जास्त ओढ येते. स्क्रूंची पातळी लेव्हलने तपासा, छताकडे पाहून नको. छतही सरळ असेलच असे नाही.

काचेला तडा गेला असेल, तर तो आरसा पुन्हा टांगू नका.