आवड की नुसतं वेड? दर तीन महिन्यांनी नवा धंदा डोक्यात येतो तेव्हा

बुटीबोरीतल्या आपल्या दुकानात बसलो की एक प्रश्न हमखास येतो. "सर, जानेवारीत मशरूम डोक्यात होतं, एप्रिलमध्ये टी-शर्ट प्रिंटिंग, आणि आता एमआयडीसीतल्या कामगारांना डबे द्यावे वाटतंय. यातली माझी खरी आवड कोणती?"

बहुतेक जण हे उत्साहाच्या जोरावरून ठरवायला जातात. पण नव्या नवलाईत सगळंच जोरात वाटतं. सुझन हिडी आणि अ‍ॅन रेनिंगर या संशोधकांनी २००६ मध्ये आवड कशी वाढते याचे चार टप्पे मांडले. आधी बाहेरून ठिणगी पडते, म्हणजे एखादा व्हिडिओ, एखादं प्रदर्शन, मित्राची कमाई. दुसऱ्या टप्प्यात ती टिकते, पण बाहेरच्या आधारानेच. तिसऱ्यात कुणी न सांगता तुम्ही त्या विषयाकडे परत जाता, तुमचे स्वतःचे प्रश्न तयार होतात. चौथ्यात ती आवड पक्की होते, अडचण आली तरी सुटत नाही. म्हणून उत्साह किती आहे हे सोडा, तुम्ही स्वतःहून परत जाता का ते बघा.

आता दुसरी गोष्ट. वरून दिसणारा बदल हा नेहमी धरसोडपणाच असतो असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बघा. १८८५ मध्ये ते चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर रंगकाम सुटलं. मग ते यंत्रांची ड्रॉइंग काढायला शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान आलं. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटलं असेल, हा माणूस एक काही धड करत नाही! पण रंग सुटले तरी ड्रॉइंग सुटलं नाही, आणि सायकल असो की नांगर, हात यंत्रातच राहिला. लोखंडाने जमीन नासते असं शेतकरी समजायचे, त्यामुळे नांगर लवकर खपेना. तरी त्यांनी तो सोडला नाही. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली.

तुमच्यातला असा धागा शोधायला वही घ्या. गेल्या दोन वर्षांतली सगळी वेडं एकाखाली एक लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: ठिणगी कुठून पडली, व्हिडिओ बंद केल्यावर हाताने काय केलं, आणि नेमकं कुठे थांबलात.

वरचंच उदाहरण घेऊ. समजा, त्या मुलाची वही अशी भरली. मशरूम: ठिणगी रीलची, हाताने काहीच केलं नाही, पिशव्यांची निगा रोज ठेवावी लागते कळल्यावर थांबला. टी-शर्ट: ठिणगी मित्राची, पण दहा गिऱ्हाईकांशी बोलला, दोन ऑर्डर आणल्या, मशीनला पैसे नव्हते म्हणून थांबला. डबे: चार कामगारांना विचारून आला, कोणाला किती तिखट लागतं, पगार कधी होतो, सगळं लिहून आणलं. आता धागा दिसतो का? त्याची आवड ना कापडात आहे ना स्वयंपाकात. त्याला गिऱ्हाईक शोधायला आणि त्याची गरज समजून घ्यायला आवडतं.

इथे एक भेद लक्षात ठेवा. पैसे, घरची अडचण किंवा जागा नसल्यामुळे थांबलात तर आवड संपली असं धरू नका. रोजचं कंटाळवाणं काम दिसलं आणि मन उडालं, तर मात्र ती बहुधा ठिणगीच होती.

आता परीक्षा. सहा आठवडे, पाच डबे. उधारीवर मोठी भांडी घ्यायची नाहीत, पाटी लावायची नाही, नोकरी सोडायची नाही. नवीन व्हिडिओही बघायचे नाहीत, कारण बाहेरची हवा बंद केल्याशिवाय आतली आग कळत नाही. भाजी आणणं, डबे परत गोळा करणं, घासणं, महिन्याअखेर पैसे मागणं, हे सगळं स्वतः करा. दर रविवारी या धंद्याबद्दल पडलेला एक नवा प्रश्न लिहा. पहिल्या आठवड्यात प्रश्न "किती कमाई होईल?" असा असतो. चौथ्या आठवड्यात "दुसऱ्या पाळीच्या कामगाराला पोळी मऊ कशी पोचवू?" असा झाला तर आवड मूळ धरतेय. वहीचं पानच कोरं राहू लागलं तर समजून जा, आणि पाचच डब्यांवर सुटलात म्हणून हिशेब बंद करा.

एक मर्यादा सांगतो. ही परीक्षा फक्त आवड सांगते, नफा नाही. पक्की आवड असूनही डब्यामागे काही उरत नसेल तर धंदा वेगळा निवडा, धागा तोच ठेवा.

आजचा गृहपाठ: वहीचं ते पान भरा आणि "कुठे थांबलो" हा रकाना दोनदा वाचा. भेटू पुढच्या व्हिडिओत!