रक्त वाढत नाही? दोष अस्थिमज्जेतही असू शकतो

मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोममध्ये अस्थिमज्जा रक्तपेशी बनवते, पण त्या सदोष असतात. म्हणून लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढत नाही. उपचार ठरवताना डॉक्टर जोखमीचे गुण मोजतात. ते कसे, हे आपण एका उदाहरणाने पाहू.

समजा, 68 वर्षांच्या एका आजींचे हिमोग्लोबिन 7.5 आहे. त्याचे दीड गुण. प्लेटलेट 3 लाख, न्यूट्रोफिल पेशी पुरेशा, मज्जेत अपक्व ब्लास्ट पेशी 2 टक्के; या तिन्हींना शून्य. गुणसूत्र तपासणीत फक्त पाचव्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा तुकडा गळालेला आढळला. त्याचा 1 गुण. बेरीज अडीच, म्हणजे जोखीम कमी.

अशा वेळी गरजेनुसार रक्त चढवतात. मात्र वारंवार चढवल्यास शरीरात लोह साचते. याच गुणसूत्रदोषावर लेनालिडोमाइड गोळी चांगली लागू पडते आणि अनेकांची रक्त चढवण्याची गरज थांबते. सुरुवातीला प्लेटलेट व न्यूट्रोफिल घसरतात, म्हणून पहिले 8 आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी चुकवू नये.

बेरीज साडेचारच्या वर गेली, तर अ‍ॅझासिटिडिनचे इंजेक्शन 28 दिवसांच्या चक्रात 7 दिवस देतात. त्याचा गुण दिसायला 4 ते 6 चक्रे लागतात. दोन चक्रांनंतर 'फरक नाही' म्हणून आपण ते सोडू नये.